पाचशे बेचाळीस पानं, तीनशे शब्द

"संध्याकाळपर्यंत तीनशे शब्द दे," असं म्हणून शिकाऊ वार्ताहरापुढे संसदीय समितीचा अहवाल टाकणं सोपं असतं. त्याने तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला, की माझ्या पोटात गोळा येतो. पहिली पानं समितीच्या सदस्यांच्या नावांची, आणि पोरगं ती वहीत उतरवून घेतं!

सरावाला मी वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकावरचा संयुक्त समितीचा अहवाल देतो. १६ डिसेंबर २०२१ रोजी संसदेत मांडलेला, ५४२ पानांचा. अशा पोथीत आधी शोधायची ती समितीची स्वतःची वाक्यं. मधल्या पानांवर साक्षीदार बोलतात, मंत्रालय उत्तर देतं, आणि आपला वीर कुठल्याशा कंपनीची मागणी 'समितीची शिफारस' म्हणून छापायला निघतो. इंग्रजी अहवालात समिती बहुधा अनेकवचनी असते, म्हणून शोधपट्टीत `recommends` टाकलं तर हाती फारसं लागत नाही. `recommend` टाकावं, मग `desire`. समितीची 'इच्छा' ही शिफारशीची धाकटी बहीण. तिला विसरू नये.

मग थेट शेवटाकडे, समितीने दुरुस्त केलेल्या विधेयकावर जावं. घातलेले शब्द अधोरेखित, गाळलेल्या जागी तारे. तारे दिसले की मूळ विधेयक शेजारी उघडायचं, कारण काय गेलं ते तारे सांगत नाहीत.

आता खंड ३५ घ्या. (विधेयकात 'खंड', कायदा झाला की 'कलम'. ही चूक मीच दुरुस्त करतो, रडायचं नाही.) मूळ मजकुरात केंद्र सरकारला लेखी कारणं देऊन कुठल्याही सरकारी यंत्रणेला या कायद्यातून सूट देता येत होती. समितीने त्याखाली स्पष्टीकरण जोडलं: सूट देण्याची पद्धत न्याय्य, उचित, वाजवी आणि प्रमाणशीर असावी. कॉपी येते ती अशी: 'सरकारच्या मनमानीला लगाम'. अरे बाबा, लगाम कुठाय? अधिकार जिथल्या तिथेच आहे, वर चार विशेषणं चढली एवढंच. हे ताडून पाहायला असहमतीची टिपणं असतात. जयराम रमेश यांच्यासह काही विरोधी सदस्यांनी तिथे नेमका याच खंडावर आक्षेप घेतलाय. पण ती पडली अहवालाच्या पार शेपटाला, आणि तोवर पोरगं चहाला गेलेलं असतं.

परत येऊन ते लिहितं, 'समितीची विधेयकाला मंजुरी'. समिती मंजुरी देत नाही, सुचवते. सरकारने ते मानलंच पाहिजे असं नाही. याच विधेयकाला समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या, आणि ३ ऑगस्ट २०२२ रोजी सरकारने अख्खं विधेयकच मागे घेतलं. त्यामुळे कॉपीत 'सुचवलं' हे क्रियापद चारदा आलं तरी मी खोडत नाही. 'आता असा नियम होणार' मात्र पहिल्याच ओळीत खोडतो.