घशाला न लागणारी सिगारेट

"आत्या, पुदिन्याची सिगारेट घशाला लागत नाही, खोकलाही येत नाही. मग तुमच्या इंग्लंडने नेमकी तीच बंद करून साधी तेवढी दुकानात का ठेवली?"

पुण्याहून भाच्याने घरच्या गटात हे विचारले आणि पुढचे दोन दिवस तेथे जे लिहिले गेले ते वाचून मला राग आला. मावशीला प्रश्न खोकल्याचा वाटला, म्हणून तिने काढ्याची कृती पाठवली. दादाने लिहिले की तो वीस वर्षे साधीच ओढतो आणि पुदिन्यातल्या मेंथॉलने त्याला मळमळते, तेव्हा त्या सिगारेटचे व्यसन कोणाला लागत असेल असे त्याला वाटत नाही. काकांचे म्हणणे असे की मेंथॉलने श्वास मोकळा होतो, म्हणून तर ते सर्दीच्या बामात घालतात. काकांचे अर्धे बरोबर आहे. मोकळे वाटते हे खरे, परंतु येथे ब्रिटनमध्येच, कार्डिफला, नाकातून जाणारी हवा प्रत्यक्ष मोजली तेव्हा मेंथॉलने अडथळा कमी झालेला दिसला नाही. बदलली होती ती केवळ जाणीव.

सिगारेटमध्येही हेच घडते. लेस्टरमध्ये माझ्या शेजारी राहणारी परिचारिका धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांबरोबर काम करते आणि तिने मला हे नीट समजावले. घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे ग्राही असतात, मेंथॉल त्यांना जागे करते आणि धूर तेवढाच गरम असूनही गार लागतो. त्या गारव्याखाली निकोटिनचा आणि ॲक्रोलीनसारख्या वायूंचा झोंबरेपणा दबून जातो. ॲक्रोलीन हुंगल्यावर उंदरांचा श्वास मंदावतो, कारण शरीर तो वायू आत घेण्याचे टाळते. त्याच हवेत मेंथॉल मिसळल्यावर मात्र उंदीर नेहमीसारखे श्वास घेत राहिले.

नवख्याच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असल्यामुळे तो तोंडात धरून सोडून दिला तर त्यातले निकोटिन रक्तात फारसे जात नाही. तो फुप्फुसात उतरला, तरच निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. साध्या सिगारेटवर पहिल्याच झुरक्याला येणारा ठसका नेमका तेथेच आडवा येतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९९६ साली पुण्यात, वसतिगृहाच्या गच्चीवर मी पहिली सिगारेट ओढली, ती साधी होती. धूर घशाशी येताच मी इतकी खोकले की डोळ्यांतून पाणी आले आणि ती मी अर्धी टाकून दिली. आठवड्याने खोलीतल्या मैत्रिणीने मेंथॉलची दिली आणि म्हणाली, "ही सौम्य आहे, मुलींना चालते." तो झुरका थेट छातीत उतरला, डोके हलके झाले आणि खोकला आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळची वाट पाहू लागले होते. पुढे अकरा वर्षे मी ओढत राहिले, आणि घरी हे आजवर कोणालाही ठाऊक नाही.

शेजारणीने एका गोष्टीबद्दल मला सावध केले. मुरलेले लोक मेंथॉलमुळे अधिक खोल झुरका घेतातच असे मोजमापांत सर्वत्र दिसलेले नाही, आणि मेंथॉल ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो असेही आढळलेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये जवळपास हेच सांगितले: विष सारखेच, परंतु सुरुवात सोपी आणि सोडणे बहुधा अवघड. म्हणून बंदीचे कारण धुराच्या विषात शोधू नये. ते पहिल्या काही आठवड्यांत आहे.

येथे २० मे २०२० पासून मेंथॉलच्या सिगारेटी आणि फिल्टरमध्ये दाबायच्या गोळीच्या सिगारेटी विकता येत नाहीत. आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ मध्ये बंदी आली, महाराष्ट्रात सुट्या सिगारेटींची विक्रीही २०२० मध्ये बंद झाली, पण सिगारेटच्या चवीला कायद्याने हात लावलेला नाही. मी हे गटात जरा तोऱ्यातच लिहिले. मात्र त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात एक मुलगा गोळीचे सिगारिलो, म्हणजे छोटे चिरूट, घेताना दिसला. तंबाखूच्या पानात गुंडाळलेले असल्यामुळे ते या बंदीत येत नाहीत, आणि सिगारेटचे पाकीट किमान वीसचे असावे लागत असताना ते दहाच्या पाकिटात मिळतात. तेव्हा इंग्लंडने दार पुरते लावले आहे असे मला म्हणता येणार नाही.

तो मुलगा भाच्याच्याच वयाचा असावा. त्याच्याकडे पाहताना मला पुण्याची गच्ची आठवली आणि मी परकी कोठे आहे, येथे की तेथे, हे कळेना. सतरा वर्षे येथे राहूनही हे खरे कागदावर उतरवायला मला इतके अंतर आणि एक अनोळखी मुलगा लागला.

गटातले माझे लिखाण मी काढून टाकले आणि भाच्याला वेगळे लिहिले. खोकला येत नाही हे तुला कसे कळले, आणि पहिला झुरका तोंडातच राहिला होता की छातीत गेला, एवढेच विचारले. त्याने ते वाचले आहे. उत्तर अजून आलेले नाही.