‘पाठपुरावा सुरू’ लिहून भागत नाही

प्रतिक्रिया: “सात पानांची येणेबाकी एका पानावर आणलीत, म्हणजे बिलवार तपशील साहेबांपासून लपवलात. आमच्या बर्फ कारखान्यात मी पूर्ण यादीच देतो. निर्णय साहेबांचा, आपण का चाळायचं?”

नमस्कार दादा,

बिलवार यादी मी काढून टाकलेली नाही, ती मागे जोडलेली असते. पहिल्या पानावर मात्र ती नको, तिथे थकबाकीच्या दिवसांप्रमाणे गट करून रकमा हव्यात, आणि का ते आमच्याच 31 जुलैच्या पत्रकावरून सांगतो. आमचाही बर्फाचाच कारखाना, मिरकरवाड्याच्या बंदराला माल देणारा.

एकूण येणे 42 लाख होते. कच्च्या यादीत 90 दिवसांवरचे 11 लाख दिसत होते आणि साहेब तेवढ्यावरच घाबरले असते. त्यातले 5 लाख एका मासळी प्रक्रिया कारखान्याचे होते. बिल 22 एप्रिलचं, म्हणून 100 दिवस जुनं. पण त्यांना 60 दिवसांची उधारी आहे, म्हणजे मुदत 21 जूनला संपली आणि थकबाकी झाली 40 दिवसांची. ती रक्कम 31 ते 60 च्या गटात गेली. म्हणून वय बिलाच्या तारखेपासून नाही, देय तारखेपासून मोजायचं.

मग एका नौकामालकाचे दीड लाख. त्यांनी पैसे दिले होते, पण कुठल्या बिलापोटी ते लिहिलं नव्हतं. ती जमा ‘मुदतीत’ रकान्यात उणे चिन्हाने पडून होती आणि जुनी बिलं तशीच थकीत दिसत होती. एकूण बरोबर, गट चुकीचे. गटात उणे आकडा दिसला की आधी ही तपासणी करा. त्यांना विचारून जमा जुन्या बिलांना लावली आणि 90 वरचे उरले साडेचार लाख, तीन नौकामालकांकडे.

या तिघांपुढे आधी ‘पाठपुरावा सुरू’ लिहिलेलं होतं. या दोन शब्दांवर वरिष्ठ काय करणार? आता प्रत्येकापुढे रक्कम, पुढचं पाऊल, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढंच. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा नौकामालकाकडे तगादा लावून हाती काही येत नाही. म्हणून एकापुढे लिहिलं: ‘ऑगस्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या विक्रीतून प्रत्येकी 50 हजार, तोवर नवा बर्फ रोखीनेच, वसुली कारकून, 20 ऑगस्ट.’ यात साहेबांचा होकार हवा होता तो फक्त ‘रोखीनेच’ला. तेवढाच शब्द ठळक केला, बाकी काही नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पटला. वादातली रक्कम गटांच्या बेरजेत मिसळली तर खरंच लपते. बर्फाच्या लाद्या कमी उतरल्याची तक्रार असेल तर फोन करून वसुली होत नाही, आधी पोचपावती आणि वाहनाची नोंद ताडून बघावी लागते, तक्रार खरी असेल तर क्रेडिट नोट द्यावी लागते. पुढच्या महिन्यापासून ‘वादातील’ अशी वेगळी ओळ गटांच्या खाली टाकतो, तिच्यापुढे वसुलीऐवजी तपासणीचं काम आणि तारीख.