अण्णा, त्या जोकमधला BC ख्रिस्तपूर्व नाही

"मी परवा संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकलेला जोक वाचून तुझी आत्या आणि दोघी सुना ग्रुपमधून निघून गेल्या. म्हणायल्यात त्यात घाण शिवी आहे. BC म्हणजे ख्रिस्तपूर्व, तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. शिवी कुठं आहे ते सांग." (अण्णांचा मेसेज, परभणीहून)

अण्णा, फोनवर आई शेजारी असती त्यामुळं बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहायलोय. इथं रात्रीचे अकरा वाजलेत, तुमच्याकडं सकाळचे साडेअकरा, चहा झाला की निवांत वाचा.

आधी जोक परत बघू. सर विचारतात, गण्या, सम्राट अशोकाचं राज्य कधी होतं? गण्या म्हणतो, 268 BC पासून. सर म्हणतात शाब्बास, आणि आता कोणाचं राज्य आहे? गण्या म्हणतो, सर, आता आकडा नाही, नुसते BC च आहेत.

पहिला BC तुमचाच आहे, त्यात काही चूक नाही. दुसरा तुमचा नाही. तिथं BC काढून तुम्ही फळ्यावर लिहायचात ते इ.स.पू. घालून वाचा, "आता नुसते इ.स.पू.च आहेत". वाक्य ओढूनताणून लागतं, जुनाट विचाराची माणसं असा अर्थ काढता येतो आणि तुम्ही तोच काढून हसलात हे मला माहितीये. पण माणसांना कोणी इसवी सनापूर्व म्हणत नाही. आकडा आधी असला तर ते वर्ष असतं, आणि आकडा जाऊन ते अक्षर माणसाला चिकटलं की ती शिवी असते. जोक लिहिणाऱ्यानं ते गण्याच्या तोंडूनच सांगून टाकलंय, "आता आकडा नाही".

एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही. ती शिवी बहनचोद. पोरं मराठी हिंदी सगळं इंग्रजी अक्षरात टाइप करतात, त्यामुळं बहनचा B आणि पुढच्या शब्दाचा C उरला. देवनागरीत लिहिली असती तर तुम्ही पहिल्या अक्षरालाच ओळखली असती, आपल्याकडं निजामाच्या राज्यापासून दखनी बोलणं कानावर आहे, औरंगाबादच्या स्टँडवर तर ही शिवी रोज ऐकली असेल. अशीच MC आहे, त्यातला पहिला शब्द मादर, म्हणजे फारसीत आई. आणि आपल्या घरातल्या बायका एम.सी. म्हणतात ते पाळीला. म्हणून नुसत्या अक्षरावरून कोणाला काही कळत नाही, भोवतालचं वाक्य बघावं लागतं.

आईला काल विचारलं तर ती म्हणाली, "बीसी म्हणजे आपली भिशी, यावेळी नंबर कोणाचा लागला?" तिचा महिन्याचा हप्ता तिच्या डोक्यात. पण तुमच्या शाळेतले ते निवृत्त सर, ज्यांनी तुम्हाला फोन करून सुनावलं, त्यांना शिवी दिसलीच नाही. त्यांना बॅकवर्ड क्लास दिसला. बी.सी. हॉस्टेल, बी.सी. सेल हे शब्द ज्यानं आयुष्यभर फॉर्मवर भरले त्यानं "आता नुसते BC च राज्य करतात" असं वाचलं तर त्याला टोमणा वाटणारच. ते फार संतापले असं तुम्ही म्हणता, मला ते चुकलेले वाटत नाहीत. 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाचा नामविस्तार होईपर्यंत मराठवाड्यानं काय बघितलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, आणि आता तर आरक्षणाचा विषय निघाला की जेवणाचं ताट अर्धं राहतंय. लिहिणाऱ्याच्या मनात जात होती का शिवी होती का दोन्ही, ते मला सांगता येत नाही.

आता इथलं सांगतो. मी कॅनडातल्या ज्या प्रांतात राहतो त्याचं नावच BC आहे, ब्रिटिश कोलंबिया. गाडीच्या नंबरप्लेटवर Beautiful British Columbia लिहिलेलं असतं, लाइट बिल BC Hydro चं, बोट BC Ferries ची. इथली पंजाबी पोरं पहिल्यांदा आली की हसतात, आठवड्याभरात हसणं बंद होतं कारण अक्षर रोज डोळ्यापुढं असतं. कामावर क्विबेकचा एक जण आहे, फ्रेंच बोलणारा, हातातनं स्क्रू पडला की त्याच्या तोंडून निघतं "ताबरनाक". म्हणजे चर्चमधली पवित्र पेटी. त्यांच्याकडं शिव्या बऱ्याचशा चर्चमधल्या वस्तूंवरून आल्या, कारण तिथं चर्चची सत्ता फार मोठी होती. आपल्याकडं आई-बहिणीवरून. हे कळल्यावर मला वाईट वाटलं अण्णा, कारण त्याच्या शिवीनं लाकडी पेटीचं काही बिघडत नाही आणि आपली शिवी ज्या बाईला लागते ती त्या भांडणात नसतेच.

यावर गावाकडचे मित्र म्हणतात, तू तिकडं जाऊन नाजूक झाला, आपल्याकडं शिवी म्हणजे आपुलकी. त्यात थोडं खरं आहे. तुम्ही दिवसातनं दहा वेळा च्यायला म्हणता, ते "तुझ्या आईला" याचंच झिजलेलं रूप, आणि आजीसमोरही म्हणायचात, तिनं कधी वर बघितलं नाही. शब्द झिजतो. BC पण पोरांच्या तोंडात तसाच झिजायलाय, त्यांना तो स्वल्पविरामासारखा वाटतो. पण आत्याच्या कानात तो झिजलेला नाही. तिला सासरी ती शिवी भावाचं नाव काढून दिली जायची, तुमचंच नाव, हे तिनं मला मागच्या दिवाळीत सांगितलं, तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिच्या फोनवर तीच शिवी भावानं पाठवलेल्या जोकमधून आली. अर्थ कळाला नसेल हे तिला पटेल, पण वाचताना ती एकटी होती.

नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. गोदावरीच्या पलीकडचं गाव, आपल्यासारखंच. बरेच जण म्हणाले असलं दंडानं थांबतंय का. मला माहीत नाही थांबेल का, पण शिवी खाणारी बाई समोर नसताना गावानं तिच्या बाजूनं ठराव केला हे मला मोठं वाटतं. फोनवरच्या दोन अक्षरांना तो दंड कसा लावणार, हे मात्र मला सुचत नाही.

आता करायचं काय ते. मेसेजवर बोट दाबून धरा, वर कचऱ्याचा डबा येईल, त्यात Delete for everyone. ही सोय दोन दिवस बारा तासच असते, तुम्ही परवा सातला टाकलाय म्हणजे उद्या सकाळी सातपर्यंत वेळ आहे. ज्यांनी तो पुढं पाठवला त्यांच्याकडचा तसाच राहील. त्यावर दोन बाणांची खूण आहे ना, म्हणजे तो आधीच बऱ्याच हातातनं फिरून आलाय, तुम्ही लिहिलेला नाही हे सगळ्यांना दिसतंय.

सरांना तुम्ही घरी जाऊन भेटा, फोनवर नको. दोघी सुनांशी मी बोललोय, त्या परत येतील. आत्याला मात्र तुम्हीच फोन करा, ख्रिस्तपूर्वचं काही सांगू नका, नुसतं म्हणा मला अर्थ माहीत नव्हता. दुपारी चारनंतर ती मोकळी असते.