शीर्षकांच्या पातळ्या आणि मुद्रितशोधन : एका प्रतिक्रियेला उत्तर

«अक्षरे मोठी आणि ठळक दिसली की ते शीर्षक झाले. ते h2 आहे की h4, याने वाचणाऱ्याला काय फरक पडतो? शुद्धलेखन आधी तपासावे. बाकीचा कीस तुम्ही उगाच पाडता.»

नमस्कार. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक पडत नाही, हे मान्य. पण जो वाचक पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरतो, त्याला अक्षरांचा आकार ऐकू येत नाही, h1, h2 अशी शीर्षकाची पातळी ऐकू येते. NVDA या पडदावाचकात H दाबले की पुढचे शीर्षक येते आणि 2 दाबले की पुढचे h2. नुसते ठळक केलेले वाक्य या दोन्ही वेळी लागतच नाही.

फर्निचर बनवणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचा लेख मी तपासला, तेव्हा त्याचा सांगाडा असा होता :

```
h1 लाकडी टेबलाची निगा
h4 रोजची स्वच्छता
h4 डाग पडल्यास
h2 गरम भांड्याचे डाग
h2 पॉलिश केव्हा करावे
```

लिहिणाऱ्याने पातळी अर्थावरून नव्हे, तर अक्षरे किती मोठी हवीत यावरून निवडली होती. परिणामी 2 दाबत जाणाऱ्याला पहिले दोन्ही भाग सापडत नव्हते, आणि ‘डाग पडल्यास’ या भागाचा एक पोटभाग त्याच्याच डोक्यावर बसला होता. मी दोन्ही h4 शीर्षके h2 केली, ‘गरम भांड्याचे डाग’ h3 केले आणि ‘पॉलिश केव्हा करावे’ तसेच ठेवले. आकार आवडला नाही तर तो पानाचे दिसणे ठरवणाऱ्या CSS मध्ये बदलावा, पातळीला हात लावू नये. मधली पातळी गाळणे हा WCAG या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपोआप नियमभंग ठरत नाही, हे मात्र तुमच्या बाजूने सांगायला हवे.

लिंकचेही तसेच. त्या लेखात तीन ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ होते आणि तिन्ही लिंक वेगवेगळ्या पानांवर नेत होत्या. पडदावाचकाच्या लिंकयादीत त्या एकाखाली एक, अगदी सारख्या ओळी म्हणून येतात. त्यांच्या जागी मी प्रत्येक पानाचा विषय लिहिला.

पुनरुक्तीबद्दल थोडक्यात : ‘उत्तम दर्जाचे’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते, ते जिथे काही सांगत नव्हते तिथून काढले, ‘पॉलिश’ मात्र दर वेळी ‘पॉलिश’च ठेवले, कारण एकाच वस्तूला दोन नावे दिली की वाचक दोन वस्तू समजतो.

शुद्धलेखन मी शेवटी ठेवतो, ते कमी महत्त्वाचे म्हणून नव्हे. आधीच्या दुरुस्त्यांत नवा मजकूर लिहावा लागतो आणि त्यात नव्या चुका शिरतात. ‘धूळ’ मधला ऊ दीर्घ, पण विभक्तीप्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होऊन ‘धुळीने’, ‘धुळीचा’ अशी रूपे होतात. मूळ लेखात ही रूपे बरोबर होती. तरीही अखेरीस Ctrl+F ने ‘धूळी’ शोधले, तेव्हा एक चूक सापडली : ‘रोजच्या धूळीचा बंदोबस्त’. ‘येथे क्लिक करा’ काढून तिथे मीच घातलेला तो मजकूर होता.