‘अ‍ॅक्टिव्ह युजर’ म्हणजे लूट? आंब्याच्या हंगामाचा हिशोब

“सॉफ्टवेअरवाले हल्ली अ‍ॅक्टिव्ह युजर मोजून पैसे लावतात ती शुद्ध चलाखी आहे. नोंदलेली खाती मोजली तर आकडा ठरलेला राहतो, अ‍ॅक्टिव्हमध्ये बिल किती येईल याचा नेम नाही. सीझनला माणसं घेणारे छोटे धंदेवाले यात मरतात. त्यापेक्षा वर्षाचा फिक्स प्लॅन घ्या, सगळ्यांना एकच लॉगिन द्या आणि सीझन संपला की खाती उडवून टाका.”

मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग हाऊसचं ऑफिस सांभाळतो. ऑर्डर, पेट्यांचा स्टॉक, डिस्पॅच आणि वसुली हे सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्याचं बिल भरायचं काम माझ्याकडे आहे. म्हणून हा मेसेज तिसऱ्यांदा आल्यावर उत्तर लिहायला बसलो.

आकडा ठरलेला राहतो, इथूनच सुरुवात करू. आमच्याकडे बारा महिने सहा माणसं. एप्रिल-मे दोन महिने वर आणखी चौदा: कोणी पेट्या भरून स्कॅन करतं, कोणी फोनवर ऑर्डर घेतं, कोणी गाडी भरताना यादी तपासतं. पहिल्या वर्षी वीस खाती उघडली. दुसऱ्या वर्षी त्या चौदातले सात परत आले, सात नवीन घेतले, म्हणजे नोंदलेली खाती सत्तावीस. तिसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं की चौतीस. भर मे महिन्यातसुद्धा कामावर वीसच माणसं आहेत, पण यादी चौतिसावर गेलेली. नोंदलेल्या खात्यांचा आकडा ठरलेला नसतो, तो फक्त चढत जातो, कारण माणूस आला की खातं उघडतं आणि माणूस गेला म्हणून ते आपोआप बंद होत नाही. खात्यामागे महिना ३०० रुपये धरले तर तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टचं बिल १०,२०० रुपये. ऑगस्टमध्ये बाहेर धो धो पाऊस आणि आत आम्ही सहा जण.

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे इथे त्या महिन्यात ज्यांनी खरोखर वापर केला तेवढेच मोजायचे. त्याचा दर सहसा थोडा जास्त असतो, ते मान्य. आपण ४०० धरू. तरी त्याच ऑगस्टचे २,४०० रुपयेच होतात.

आणि नेम नाही म्हणाल, तर आमच्या बिलाचा नेम हजेरीच्या मस्टरमध्ये आहे. मार्चमध्ये चार जण लवकर येतात, तेव्हा दहा. एप्रिल आणि मे वीस-वीस. जूनमध्ये वसुली आणि रिकाम्या क्रेटच्या हिशोबासाठी दोघं थांबतात, तेव्हा आठ. उरलेले आठ महिने सहा-सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस. एकूण वर्षाची बेरीज १०६ माणूस-महिने. ४०० रुपयांनी ४२,४०० झाले. माणसं मीच ठेवतो, मग आकडा मला आधीच माहीत असतो.

आता फिक्स प्लॅन. वर्षाच्या करारात बहुतेक ठिकाणी मधे माणसं वाढवता येतात, पण नूतनीकरण होईपर्यंत कमी करता येत नाहीत. गूगल वर्कस्पेस या ऑफिसच्या ईमेल आणि कागदपत्रांच्या सेवेचा वार्षिक प्लॅन असाच आहे. महिन्याला कमी-जास्त करायचं असेल तर त्यांचा फ्लेक्सिबल प्लॅन वेगळा. म्हणजे मे महिन्यासाठी वीस घेतले की वर्षभर वीसच. ३०० रुपयांनी त्याचे ७२,००० होतात. (दोन्हीकडे जीएसटी धरलेला नाही, तो दोन्हीकडे तसाच लागतो.) याच हिशोबाने, अ‍ॅक्टिव्हचा दर साधारण ६८० च्या खाली असेल तोवर आम्हाला तोच स्वस्त.

पण आमचा हंगाम नऊ महिने चालला असता तर? वीस जण नऊ महिने आणि सहा जण तीन महिने, म्हणजे १९८ माणूस-महिने. ४०० रुपयांनी ७९,२००. इथे फिक्स प्लॅन जिंकतो. तेव्हा ज्यांच्याकडे वर्षभर तेवढीच माणसं रोज लॉगिन करतात, त्यांनी अ‍ॅक्टिव्हच्या नादी लागू नये. मेसेज लिहिणाऱ्याचं ऑफिस कदाचित तसं असेल. मग सीझनवाल्यांना कशाला सल्ला द्यायचा, एवढंच.

एकच लॉगिन सगळ्यांना द्यायचा प्रयोग आम्ही करून बसलोय. आधीचं सॉफ्टवेअर नोंदलेली खाती मोजायचं, म्हणून मी डोकं चालवून `packing1` नावाचं एक खातं काढलं आणि पॅकिंगच्या सहा जणांना पासवर्ड दिला. मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला चार डझनीच्या जागी पाच डझनी पेटी गेली. पाच डझनीत फळ लहान, भाव वेगळा, गिऱ्हाईक तापलं. मी नोंद उघडली. दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी पेटी स्कॅन झाली होती, स्कॅन करणारा `packing1`. सहा जणांना विचारलं, सहाही जण म्हणाले मी नाही. खोटं कोण बोलत होतं असंही नाही, दिवसाला शेकड्यांनी पेट्या हातातून जातात, कोणाला आठवणार? पेटी बदलून दिली, गाडीभाडं आमच्या अंगावर. पुढल्या आठवड्यात तशीच दुसरी चूक झाली, कारण पहिली कोणाची हे कळलंच नव्हतं तर कोणाला शिकवणार?

नोंदलेली खाती मोजली की गिऱ्हाईक नेमका असाच वागतो. खातं वाचवतो, लॉगिन वाटतो, आणि नोंदींतली नावं खोटी होतात. मग बिघाडाची तक्रार आली की सॉफ्टवेअरवाल्यालाही कळत नाही की नक्की कोणाच्या फोनवर काय झालं. अ‍ॅक्टिव्ह मोजण्यामागे त्यांचा स्वार्थ आहेच: नुसत्या पडून असलेल्या खात्याला त्यांचा खर्च जवळजवळ शून्य, खर्च येतो तो वापराला आणि फोनवर मदत करायला. शिवाय खातं उघडायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर आपण प्रत्येकाला त्याच्या नावाने खातं देतो, आणि एकदा माणसांना हात बसला की सॉफ्टवेअर सुटत नाही. स्लॅक या ऑफिसातल्या मेसेजिंगच्या सेवेने तर वापर थांबवलेल्या सदस्याचे उरलेले पैसे खात्यात परत जमा करायचं धोरणच ठेवलं आहे, त्याला ते फेअर बिलिंग म्हणतात. धर्मादाय म्हणून कोणी असं करत नाही. पण आपला स्वार्थ त्यात बसतो की नाही, बघायचं ते एवढंच.

खाती उडवून टाकण्याबद्दल दोनच वाक्यं. `Delete` केलं की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या माणसाच्या जुन्या नोंदींवरचं नाव जातं, आणि पुढल्या चैत्रात तोच माणूस परत आला की पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी `Deactivate` असेल तर ते वापरा: खातं झोपतं, नाव आणि इतिहास राहतो, परत आला की एका क्लिकवर उठवायचं.

आता मेसेजमध्ये जे आलंच नाही त्याबद्दल, कारण फसगत होते ती तिथे. ‘अ‍ॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

काही ठिकाणी अ‍ॅक्टिव्ह म्हणजे फक्त ‘बंद न केलेलं खातं’. माणूस चार महिने फिरकला नाही तरी तो मोजला जातो, जोवर तुम्ही स्वतः खातं बंद करत नाही. यातही बंद करण्याचे प्रकार असतात: गूगल वर्कस्पेसमध्ये खातं सस्पेंड केलं तरी पैसे लागत राहतात. नावाने थांबवलेलं, बिलात चालू.

काही ठिकाणी गाठलेला सर्वांत मोठा आकडा धरून बसतात. गिटलॅब हे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारं सॉफ्टवेअर करारकाळातली कमाल संख्या लक्षात ठेवतं. मे महिन्यात वीस झाले आणि जूनमध्ये चौदा खाती बंद केली तरी नोंद विसाचीच. आमच्यासारख्याला हे फिक्स प्लॅनसारखंच पडेल.

आणि तिसरा प्रकार, म्हणजे त्या महिन्यात ज्याने खरोखर वापर केला तो. हंगामी धंद्याला हा जुळतो. पण वापर म्हणजे काय? माणसाने बोटाने केलेलं लॉगिनच, असं नाही. अ‍ॅमेझॉन कॉग्निटो ही लॉगिन सांभाळणारी सेवा महिन्याचे अ‍ॅक्टिव्ह युजर मोजते, तेव्हा लॉगिनबरोबर टोकन नवं होणंही धरते. टोकन म्हणजे लॉगिन टिकवून ठेवणारी चिठ्ठी. ती अ‍ॅप परस्पर नवी करून घेऊ शकतं. अशा मोजणीत महिन्यात एकदा जरी हे घडलं की तो माणूस त्या महिन्याचा पूर्ण युजर. उरलेला महिना त्याने कितीही वापरलं तरी मग जादा काही नाही.

आमचं सॉफ्टवेअर या तिसऱ्या जातीचं, कॅलेंडर महिन्यावर चालणारं. त्यात दोन धडे पैसे देऊन शिकलो. पहिला, ट्रेनिंगचा. एका वर्षी नवीन आलेल्या दहा जणांना मी २९ मार्चला बसवून स्कॅनिंग शिकवलं, प्रत्येकाने आपल्या खात्यावरून एकेक पेटी स्कॅन करून पाहिली. एका दुपारसाठी दहा जणांचा आख्खा मार्च बिलात आला, ४,००० रुपये. आता ट्रेनिंग १ एप्रिलला सकाळी, किंवा त्याआधी घ्यायचंच असेल तर माझ्या खात्यावरून दाखवून. रोजाच्या हिशोबाने बिल लावणाऱ्या कंपनीत हा प्रश्न येत नाही, म्हणून करार करतानाच विचारावं की महिना तोडून धरता की अख्खा.

दुसरा जूनचा. मस्टरवर आठ जण होते, बिलात अकरा. मी फोन करून भांडायच्या तयारीत होतो. आधी युजर रिपोर्ट काढला आणि शेवटच्या वापराच्या तारखेवर लावला. तीन नावं वर आली, तिघंही ३१ मेला हिशोब घेऊन गावी गेलेले. वापराची वेळ बघितली तर पहाटे अडीच, पावणेतीन. त्या वेळी कोण पेट्या स्कॅन करणार? तिघांच्या फोनवर अ‍ॅप तसंच लॉगिन राहिलं होतं आणि रात्री फोन चार्जिंगला लागला की ते आपलं आपण माहिती ताजी करून घेत होतं. १,२०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे कामावरून गेलेल्या माणसाच्या खिशात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर महिनाभर होते.

तेव्हापासून शेवटच्या दिवशी माणूस पगाराला टेबलासमोर आला की आधी त्याचं खातं `Deactivate`, मग त्याच्याच फोनवर अ‍ॅप उघडून बघतो की आत घेतंय का. नाही घेतलं की पाकीट हातात.