सदाबहार

सासऱ्यांच्या अमृतमहोत्सवाला शाल आणि श्रीफळ यांव्यतिरिक्त काहीतरी द्यावे, असे मीच जेवताना बोलून गेलो आणि त्यांचे छायाचित्र असलेले, एखाद्या मासिकाचे वाटावे असे मुखपृष्ठ तयार करण्याचे काम माझ्याच ताटात वाढले गेले. मासिकाचे नाव ‘सदाबहार’ ठेवावे, हे सौभाग्यवतींनी ठरवले. छायाचित्रही त्यांनीच निवडले: पुतण्याच्या लग्नात बाबा फेटा बांधून, तुरा ताठ ठेवून, डावीकडे कोणाकडे तरी करारी मुद्रेने पाहत आहेत, असे ते होते.

ते चॅटवरून आलेले होते आणि त्याची रुंदी जेमतेम १,२०० पिक्सेल होती. ए-फोर कागदाची रुंदी सव्वाआठ इंच असते. म्हणजे दर इंचाला दीडशेसुद्धा पिक्सेल येत नव्हते आणि छपाईला साधारण तीनशे हवे असतात. पडद्यावर रुबाबदार दिसणाऱ्या मिशा कागदावर धुक्यात गेल्या असत्या. म्हणून ज्याने ते टिपले त्या भाच्याला गाठून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवली. ती ३,००० पिक्सेल रुंद निघाली आणि मिशा वाचल्या.

मोठ्या मासिकांच्या मुखपृष्ठावर नावाची अक्षरे मागे आणि व्यक्तीचे डोके पुढे असते, ते मला फार आवडते. त्यासाठी सर्वांत खाली भिंत, तिच्यावर अक्षरे आणि सर्वांत वर कापून घेतलेली व्यक्ती, असे तीन थर रचावे लागतात. केसांच्या बटा कापताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. पण फेट्याची कड स्वच्छ असल्याने ते काम अर्ध्या तासात झाले. बाबांना बरोबर मध्यभागी उभे करून मी अभिमानाने घरच्यांना बोलावले.

‘सदाबहार’ या शब्दात पाच अक्षरे आहेत आणि त्यांतले मधले अक्षर ‘ब’ आहे. ते फेट्याने सबंध गिळले होते. पडद्यावर ठळक अक्षरांत उरले होते ‘सदा हार’. मला त्यात पराभव दिसला. सौभाग्यवतींना त्याहून भयंकर काहीतरी दिसले.

“अहो, बाबांच्या फोटोवर सदा हार? चांगले धडधाकट आहेत ते!”

मी बाबांना किंचित लहान करून खाली सरकवले. आता ‘ब’चा वरचा भाग दिसू लागला, पण त्याच्या पोटातली तिरकी रेघ तुऱ्याआड राहिल्यामुळे ‘सदावहार’ असे कोणत्या तरी अपरिचित गावाचे नाव तयार झाले. शिरोरेषा दिसली म्हणजे अक्षर दिसले, असे नसते. एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण बहुधा तिच्या खालीच असते. अपवाद कान्याचा. त्याचे खालचे टोक झाकले तरी तो कानाच राहतो. तेव्हा मी बाबांना दीड इंच उजवीकडे नेऊन तुरा ‘हा’च्या कान्यावर टेकवला आणि ‘सदाबहार’ एकदाचे वाचता आले.

याच हालचालीने दुसरे दुखणेही बरे झाले. ‘घड्याळ चुकेल, पण बाबांचा चहा नाही’ हा मथळा मी आधी उजवीकडच्या चिंचोळ्या पट्टीत कोंबला होता. जागा नसल्याने ओळ मोडून ‘चुकेल’ कानाशी आले आणि ‘चु’चा उकार बाबांच्या पाळीत भिकबाळीसारखा अडकला. आता ते ज्या दिशेला पाहत होते ती डावी बाजू ऐसपैस मोकळी झाली आणि एक सोडून सगळे मथळे तिकडे गेले. ओळींमधले अंतर मात्र वाढवावे लागले, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. उरलेला ‘पंखा एकवरच का? विशेष मुलाखत’ हा मथळा छातीवर, हनुवटीपासून चार बोटे खाली ठेवला. तो आणखी खाली घेतला असता तर पोटावर गेला असता, आणि जावयाने सासऱ्यांच्या पोटावर प्रश्नचिन्ह ठेवू नये, एवढे मला कळते.

चौकटीची पट्टी चारही कडांचा थोडा भाग खाते, म्हणून सर्व मजकूर कडेपासून एक सेंटिमीटर आत घेतला, छपाई केली आणि हातभर अंतरावरून पुन्हा तपासले. चेहऱ्यावर काना, मात्रा, वेलांटी काहीही नव्हते.

समारंभात बाबांनी चष्मा लावून प्रत्येक मथळा वाचला. “जावईबापू, आतली पाने कुठे आहेत?” एवढेच त्यांनी विचारले आणि चौकट खुर्चीशेजारच्या टेबलावर उभी करवून घेतली. मग सत्कार झाला. गळ्यातला झेंडूचा जाडजूड हार टोचू लागल्यावर त्यांनी तो काढला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिले आणि सहज चौकटीच्या कोपऱ्याला अडकवला. तो घसरत जाऊन नेमका चेहऱ्यावर स्थिरावला. सौभाग्यवती व्यासपीठाकडे धावत असताना मला दिसत होता फक्त फेट्याचा तुरा आणि त्याच्याशेजारी अगदी स्वच्छ वाचता येणारा ‘ब’.