‘मोटर गेली’ लिहू नका, पाणी कुठवर उभं आहे ते लिहा

नवऱ्याचं डोंबिवलीत वॉशिंग मशीन दुरुस्तीचं काम आहे. फोन घेणं, व्हॉट्सॲप बघणं आणि कोणाकडे जाताना बॅगेत काय भरायचं ते ठरवणं, हे खातं माझ्याकडे. म्हणून आज थोडं हक्काने लिहिते.

आम्हाला येणारे मेसेज दोन प्रकारचे असतात. एक, “मशीन बंद आहे, माणूस पाठवा.” यात काहीच नसतं, पण निदान दिशाभूल तरी नसते. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो: “मोटर गेली आहे, नवीन घेऊन या.” किंवा “कार्ड उडालंय.” लोक काय दिसलं ते सांगत नाहीत, थेट निकाल सांगतात. स्कूटरच्या डिकीत अख्खं दुकान मावत नाही. कार्ड, म्हणजे पीसीबी, तर मॉडेलनुसार वेगळं लागतं. आपण सांगितलेल्या निकालावर बॅग भरली आणि बिघाड दुसराच निघाला, तर माणूस हात हलवत परत येतो आणि तुमचे कपडे आणखी एक दिवस भिजत पडतात.

परवाचंच बघा. एका काकूंचा मेसेज आला, “काकांनी बघितली, मोटर गेली.” मशीन वरून झाकण उघडायची, फुल्ली ऑटोमॅटिक. मी विचारलं, कपडे धुऊन झाले का? म्हणाल्या, “हो, धुताना छान फिरली. मग साबणाच्या पाण्यासकट तशीच उभी राहिली.” अहो, मग टब फिरवणारी मोठी मोटर कशी जाईल? तीच तर धूत होती!

या प्रकारच्या बऱ्याच मशीनमध्ये पाणी सोडायला पंप नसतो. टबाखाली एक व्हॉल्व्ह असतो, तो ओढून उघडणारी तळहाताएवढी ड्रेन मोटर असते आणि पाणी आपल्या वजनाने खाली जातं. तीच ड्रेन मोटर क्लचचा ब्रेकही सोडवते, म्हणून ती बसली की पाणीही जात नाही आणि स्पिनही होत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मशीनच मेली. याउलट पाणी व्यवस्थित गेलं आणि नंतर टब फिरलाच नाही, तर शंका बेल्ट, क्लच किंवा झाकणाच्या स्विचवर जाते. म्हणजे ‘स्पिन होत नाही’ या एकाच तक्रारीला दोन वेगळ्या बॅगा लागतात, आणि कोणती भरायची ते टबात पाणी उरलंय की नाही यावर ठरतं.

काकूंना मी म्हटलं, कपडे काढून घ्या, झाकण लावा, नुसतं स्पिन लावा आणि मशीनच्या मागच्या बाजूला खाली कान देऊन ऐका. ड्रेन मोटर ओढते तेव्हा बारीक घर्र आणि मग ‘खट्’ असा आवाज येतो. आवाज आला पण पाणी हललं नाही, तर बहुतेक व्हॉल्व्हमध्ये किंवा पाइपात काहीतरी अडकलेलं असतं: नाणं, हेअरपिन, बाळाचा मोजा. अशा वेळी नवा पार्ट लागतच नाही, पक्कड आणि बादली पुरते. आवाजच आला नाही, तर ड्रेन मोटर तरी गेलेली असते किंवा कार्डाकडून तिला सप्लाय तरी येत नसतो. या दोघांतला फरक फोनवर कळत नाही, तिथे मीटरच लावावा लागतो. हात घालून बघायला मी कोणालाच सांगत नाही, आणि ऐकून झालं की प्लग काढायचा.

मग काकूंकडून हा मेसेज लिहून घेतला:

“टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक. स्टिकरचा फोटो जोडला आहे. काल कपडे धुऊन झाले, पण पाणी गेलं नाही, टब अर्धा भरलेला आहे. नुसतं स्पिन लावलं तर मागून काहीच आवाज येत नाही, थोड्या वेळाने बीप वाजून थांबते. स्क्रीनचा फोटो जोडला आहे. ड्रेन पाइप बाथरूमच्या जाळीत सोडलाय, वाकलेला नाही. यापूर्वी दुरुस्ती झालेली नाही. मशीन बाल्कनीत आहे, मागे भिंत चिकटून.”

एवढ्यावर बॅगेत त्या मॉडेलची ड्रेन मोटर आणि व्हॉल्व्हचं रबर गेलं. मीटरवर सप्लाय बरोबर आला, मोटर ओढत नव्हती. ती बदलली आणि एका फेरीत काम संपलं. मोठी मोटर दुकानातच राहिली, आणि काकूंचे तेवढे पैसेही वाचले.

आता मेसेजमधल्या एकेका गोष्टीबद्दल. स्टिकरचा फोटोच पाठवा, नंबर टाइप करू नका. मॉडेल नंबरच्या शेवटी जी दोन-चार अक्षरं असतात ती लोक हमखास गाळतात, आणि कधीकधी कार्ड त्यांच्यावरच ठरतं. स्टिकर बहुतेक मागे असतो, फ्रंट लोडमध्ये दार उघडल्यावर कडेला सापडतो. स्क्रीनचंही तेच. एलजीच्या मशीनवर OE म्हणजे पाणी बाहेर जात नाही, तेच सॅमसंगवर 5E किंवा 5C दिसतं, आणि लोक ते SE वाचून पाठवतात. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून कंपनी न लिहिता नुसता कोड पाठवून उपयोग नाही. शिवाय कोड तक्रार कुठे आहे तेवढंच सांगतो, गुन्हेगार कोण ते नाही.

टबात पाणी असेल तर आधी त्याचा फोटो काढा, मगच मगाने उपसा. उपसायचं कारण साधं आहे, चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, अशी मशीन तिरकी करता येत नाही. पण फोटो न काढता उपसलं की आमचा अर्धा पुरावा मोरीत गेला.

‘आधी दुरुस्ती झाली आहे का’ हा प्रश्न लोकांना चौकशीसारखा वाटतो आणि ते “नाही नाही” म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. पूर्वी कोणी मूळ कार्ड काढून युनिव्हर्सल कार्ड बसवलेलं असेल, तर स्टिकरवरचा नंबर बघून आणलेलं कार्ड त्या वायरिंगला जुळेलच असं नाही. स्वस्तात केलं असेल तरी सांगा, आम्ही नावं ठेवत नाही. (ठेवतो, पण घरी येऊन.)

तक्रार आवाजाची असेल तर लिहिण्यापेक्षा व्हिडिओ पाठवा, तोही स्पिन वेग धरत असतानाचा. वेग वाढेल तसा घरघराट वाढत गेला आणि मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने फिरवला तरी खरखर लागली, तर बेअरिंगची शंका येते. त्यासाठी फ्रंट लोडमध्ये पूर्ण टब बाहेर काढावा लागतो. ते तासाभराचं काम नाही, बऱ्याचदा मशीन दुकानात न्यावी लागते, म्हणून लिफ्ट आहे का तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.

आणि एवढं सगळं लिहून पाठवलंत की खाली बिनधास्त विचारा, “अंदाजे किती होतील?” अशा मेसेजवर व्हिजिट चार्ज, पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी सांगता येते. नुसत्या “मशीन बंद आहे” वर जो कोणी आकडा सांगतो, तो हवेतला असतो, मग तो आमच्याकडचा का असेना.